आपले आणि परके : दोन संघांच्या पाठीराख्यांविषयीं कांहीं विचार

मनुष्य आपल्या पक्षाची तरफदारी करतो, हें सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाहीं. परंतु पक्ष मुळांत होतो कशानें, आणि तो होण्यास किती अल्प कारण पुरतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. सामान्य समज असा कीं, प्रथम दोन समाजांत जमिनीचा, पैशाचा किंवा मानाचा कांहींतरी तंटा उत्पन्न होतो. तंट्यांतून वैर वाढतें. आणि वैरामुळें मनुष्य आपल्या माणसांस झुकतें माप देऊं लागतो. हा क्रम पुष्कळदां उलटा असतो, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. आधीं नुसती रेघ ओढली जाते. रेघेच्या अलीकडचे ते आपले ठरतात. आणि तंटा करण्यास कारण मागाहून शोधलें जातें. खेळाच्या मैदानावर ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी इतरत्र क्वचितच दिसत असेल.

सन २०२४ च्या मार्च महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील एका गांवीं घडलेली गोष्ट अनेकांनीं वर्तमानपत्रांत वाचली असेल. दूरचित्रवाणीवर मुंबई व हैदराबाद या संघांचा क्रिकेटचा सामना चालला होता. मुंबईचा रोहित शर्मा बाद झाला, तेव्हां चेन्नईच्या संघाचे चाहते असलेले एक वृद्ध गृहस्थ मुंबईकरांस चिडविण्यासारखें कांहीं बोलले. मुंबईच्या दोघां चाहत्यांनीं त्यांस मारहाण केली, डोक्यास जबर इजा झाली, व कांहीं दिवसांनीं ते मरण पावले. विचार करा. ही सर्व मंडळी मराठी बोलणारी व एका गांवांत राहणारी. मुंबईचा संघ जिंको वा हरो, त्यांच्या पदरीं एक पैहि पडणार नव्हती. ज्या चेन्नईच्या नांवावर तो गृहस्थ परका ठरला, तो संघ तर त्या सामन्यांत खेळतहि नव्हता. मग प्राण घेण्याइतकें त्या नांवांत काय होतें?

या प्रश्नाचा ज्यानें जन्मभर पिच्छा पुरविला, त्याचें नांव हेन्री ताजफेल. हा पोलंडांतील यहुदी, सन १९१९ मध्यें जन्मलेला. शिक्षणासाठीं तो फ्रान्सांत गेला, महायुद्धांत फ्रेंच सैन्यांत शिरला, आणि सन १९४० मध्यें जर्मनांच्या हातीं कैदी म्हणून सांपडला. तो यहुदी आहे हें त्यानें लपविलें नाहीं. मात्र आपण पोलंडचे नव्हे, फ्रान्सचे आहों असें त्यानें भासविलें. तेवढ्या एका नांवानें तो वांचला. युद्ध संपून तो परतला तेव्हां त्याच्या घरच्यांपैकीं जवळजवळ कोणीहि जिवंत उरलें नव्हतें. पहारेकऱ्यांपैकीं एखाद्याशीं त्याचें वैयक्तिक नातें कितीहि चांगलें जमलें असतें, तरी तो पोलंडचा यहुदी आहे असें कळतें, तर त्या नात्याचा कांहींहि उपयोग झाला नसता, हें त्याला स्पष्ट दिसत होतें. मनुष्य कसा आहे यापेक्षां तो कोणत्या वर्गांत घातला गेला आहे, हेंच कित्येक प्रसंगीं सर्व कांहीं ठरवितें. पुढें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील विद्यापीठांत तो मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि तेथें त्यानें शाळकरी मुलांवर जे प्रयोग केले, ते आपल्या विषयाचा पायाच होत.

त्याची युक्ति अशी होती. गट पाडावयाचे, पण त्यांतून तंट्याचें प्रत्येक कारण आधींच काढून टाकावयाचें. आणि मग एकेक कारण पुन्हां घालीत जाऊन पक्षपात नेमका कोठें सुरू होतो तें पाहावयाचें. त्यानें ब्रिस्टलमधील एका शाळेंतील चौदा-पंधरा वर्षांचे ६४ मुलगे घेतले. त्यांस पडद्यावर क्षणभर ठिपक्यांचे पुंजके दाखविले व प्रत्येकांत किती ठिपके होते याचा अंदाज लिहावयास सांगितलें. नंतर कांहींस सांगण्यांत आलें कीं, तुम्ही अंदाज अधिक करणाऱ्यांपैकीं आहां; कांहींस सांगितलें कीं, कमी करणाऱ्यांपैकीं. प्रत्यक्षांत ही वांटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केवळ दैवावर केलेली होती. मग एकेका मुलास वेगळें बसवून त्याच्या हातीं कागद दिले. त्यावर दोन मुलांस गुण द्यावयाचे. गुणांच्या हिशेबानें त्यांस थोडे खरे पैसे मिळणार. त्या दोघांचीं नांवें नव्हतीं. होता फक्त एक क्रमांक आणि गटाचें नांव. स्वतःला गुण देण्याची सोय मुळींच नव्हती. गटांतील कोणी कोणाशीं बोललें नव्हतें, आपल्या गटांत कोण आहे हेंहि कोणास ठाऊक नव्हतें, आणि मागचा कांहीं द्वेष असण्याचा संभव नव्हता.

ताजफेलची अपेक्षा अशी होती कीं, इतक्या पोकळ गटांत पक्षपात दिसणार नाहीं. त्या शून्यापासून मोजमापास आरंभ करतां येईल. परंतु शून्य त्याला सांपडलेंच नाहीं. एक मुलगा आपल्या गटाचा व एक दुसऱ्या गटाचा असला, म्हणजे बहुतेक मुलें आपल्या गटाच्या त्या अनोळखी मुलास अधिक देत. दोघेहि एकाच गटाचे असले, मग तो गट आपला असो कीं परका, तर वांटणी बरीचशी समान होई. म्हणजे न्यायाची जाण त्या मुलांस नव्हती असें नाहीं. ती होती; पण रेघ मध्यें आली कीं ती वांकत असे.

याहूनहि विचार करण्याजोगा भाग पुढेंच आहे. दिलेल्या कागदांपैकीं एका प्रकारच्या कागदावर अंकांच्या तेरा जोड्या होत्या व त्यांतील एकच निवडावयाची होती. पहिली जोडी अशी : आपल्या गटाच्या मुलास ७, परक्यास १. दुसरी ८ व ३, तिसरी ९ व ५. याप्रमाणें आपला अंक एकानें व परक्याचा दोहोंनीं वाढत जाई. बरोबर मध्यें १३ व १३ अशी समान जोडी, आणि शेवटीं १९ व २५. आतां आपण सातपाटीच्या दोन पाड्यांचे क्रिकेट संघ मनांत आणूं. ओहोटीच्या वेळीं ओल्या घट्ट वाळूवर सामना आहे, आणि एका संघाच्या पाठीराख्यानें यांतील एक जोडी निवडावयाची आहे. आपल्या संघाचा जास्तींत जास्त लाभ व्हावा असें त्याला खरोखर वाटत असेल, तर त्यानें शेवटची जोडी घ्यावी. कारण तींत आपल्याला १९ मिळतात, आणि देणाराहि परका कोणी नसून प्रयोग करणाराच आहे. न्याय हवा असेल तर मधली घ्यावी. पहिली जोडी घेण्यांत तोटा उघड आहे. १९ सोडून ७ पत्करावयाचे! पण तिच्यांत एक गोष्ट आहे, जी इतर कोणत्याहि जोडींत नाहीं : आपण सहांनीं पुढें असतों. ब्रिस्टलचीं सर्व मुलें कांहीं त्या टोकास गेलीं नाहींत. पुष्कळांनीं न्याय व लाभ यांच्याशीं तडजोड केली. तरी त्यांची ओढ त्या टोकाकडे होती हें स्पष्ट दिसलें. दोघांचाहि मिळून अधिक लाभ व्हावा, या विचारापेक्षां परक्याहून आपण पुढें असावें, हा विचार त्यांच्या मनावर अधिक चालला.

कोणी म्हणेल, ठिपके मोजण्यांत तरी कांहीं साम्य असेल; अंदाज अधिक करणाऱ्या मुलास दुसरा तसाच मुलगा आपल्यासारखा वाटला असेल. दुसऱ्या प्रयोगांत ४८ मुलांस क्ले व कॅंडिन्स्की या दोन चित्रकारांपैकीं कोणाचीं चित्रें आवडतात यावरून विभागल्याचें सांगितलें, परिणाम तोच. सन १९७३ मध्यें बिलिग व ताजफेल यांनीं मुलांस उघडपणें सांगितलें कीं, तुमचे गट निव्वळ दैवावर पाडले आहेत, त्यांत आवडीनिवडीचा संबंध नाहीं. तरीहि पक्षपात उरलाच. आमच्या शाळांतून हजेरीपटावरील क्रमांकावरून लाल, निळा, पिवळा व हिरवा असे चार गट पाडतात. क्रीडादिनीं तींच मुलें घसा बसेपर्यंत आपल्या रंगाचा जयघोष कां करतात, याचें उत्तर येथें मिळतें.

मग याचा अर्थ काय? ताजफेल व त्याचा सहकारी जॉन टर्नर यांनीं सन १९७९ मध्यें याची जी उपपत्ति मांडली, तिला सामाजिक अस्मितेचा सिद्धांत म्हणतात. तिच्यांत तीन पायऱ्या आहेत. पहिली, मन जगाचे वर्ग पाडतें. त्यावांचून विचार चालतच नाहीं. दुसरी, या वर्गांपैकीं एखाद्यास मनुष्य ‘मी यांतला’ असें म्हणतो, आणि त्या क्षणापासून त्या वर्गाचें नांव त्याच्या ‘मी’चा एक भाग होतें. तिसरी, आपण चांगले आहों असें प्रत्येकास वाटावयास हवें असतें; पण गट चांगला आहे हें कशावरून ठरवावें? त्याला गजकाठी नाहीं. म्हणून तो शेजारच्या गटाशीं ताडून पाहिला जातो. आपला गट वर ठरला कीं आपण वर ठरतों. ब्रिस्टलच्या मुलांस सातांचा मोह कां पडला हें आतां उमगतें. एकोणीस गुणांनीं खिसा भरला असता. सहांच्या अंतरानें नांव मोठें झालें. संघ जिंकला असतां पाठीराखा ‘आपण जिंकलों’ म्हणतो आणि हरला असतां पुष्कळदां ‘ते हरले’ म्हणतो, यांतहि हाच ‘मी’ जपण्याचा खटाटोप आहे. ही सवय अमेरिकेंतील महाविद्यालयांत चिअल्डिनी याच्या मंडळीनें सन १९७६ मध्यें टिपून ठेविली आहे. आपला संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारीं विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाच्या नांवाचे कपडे अधिक घालून येत, असें त्यांस आढळलें.

यावरून ही रेघ कायमची कोरलेली असते असें मात्र समजूं नये. ती हलते, आणि ती हलली कीं माणसांचीं मनें आश्चर्य वाटावें इतक्या लवकर तिच्यामागें जातात. पालघर व बोईसर यांच्या शाळा तालुक्याच्या सामन्यांत एकमेकींच्या प्रतिपक्षी असतात. जिल्ह्याचा संघ निवडला कीं दोन्हीकडचे एका बांकावर बसून एकच आरोळी देतात. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीं आमचा भाग ठाणें जिल्ह्यांत होता. तोंवर येथील जो खेळाडू जिल्ह्यातर्फे उतरे, तो ठाण्याच्या नांवानें उतरे, आणि ठाण्याचा जय तो आमचा जय होता. त्या दिवशीं पालघर हा वेगळा जिल्हा झाला. माणसें तींच राहिलीं, समुद्र तोच राहिला, आगगाडीहि तीच राहिली. पण ठाण्याचा संघ हा समोरचा संघ झाला. सरकारी कागदावरील एका रेघेनें हें केलें.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, हा पोरखेळ आहे. त्यांत भय तें काय? भय कोठें आहे, तें आपल्याच मुंबईच्या इतिहासांत पाहावें. मुंबईंत सन १८९२ मध्यें युरोपियन व पारशी यांच्यांत प्रांतिक सामना सुरू झाला. १९०७ मध्यें त्यांत हिंदु संघ आला, १९१२ मध्यें मुसलमानांचा आला, व तो चौरंगी सामना झाला. १९३७ मध्यें पांचवा संघ घेण्यांत आला. वरील चारांत जो कोणी बसत नाहीं तो यांत. म्हणजे हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी, बौद्ध इत्यादि. त्याचें नांवच ‘बाकीचे’ अशा अर्थाचें ठेवलें होतें. वाचकहो, हा गट किती मौजेचा आहे पाहा! ज्यांस बांधणारी भाषा एक नाहीं, धर्म एक नाहीं, प्रांत एक नाहीं. जे दुसऱ्या कोणत्याहि वहींत मावत नाहींत एवढेंच ज्यांचें साम्य, अशांचा हा संघ होता. ताजफेलनें ब्रिस्टलांत पाडलेल्या गटांहून तो फारसा भरीव नव्हता. तरी त्याला संघ झाला, पाठीराखे झाले, आणि अभिमानहि झाला.

या सामन्यांची रेघ धर्मावर ओढलेली होती, आणि येथेंच विषाचा अंश होता. कारण ती रेघ एकटी नव्हती. सन १९०९ च्या सुधारणांनीं मुसलमानांस वेगळे मतदारसंघ दिले होते. म्हणजे मताची रेघ आणि मैदानाची रेघ एकाच जागीं पडत होती. शाळा, वस्ती, भोजन, विवाह यांच्या रेघाहि त्याच बाजूनें जात. मग चेंडूफळीचा पराभव हा अकरा खेळाडूंचा पराभव राहत नाहीं. तो मनुष्याच्या एकूण ‘मी’चा पराभव होतो. १९३७ सालींच त्याचें प्रत्यंतर आलें. नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील बसण्याच्या जागांची वांटणी आपणांस पुरेशी नाहीं म्हणून हिंदूंचा संघ त्या वर्षीं खेळलाच नाहीं. प्रश्न सामना पाहावयास मिळण्याचा नव्हता. आपल्या वांट्याला किती जागा येतात याचा होता. सात आणि एकोणीस यांचाच तो हिशेब होय. सन १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींचा सल्ला विचारण्यांत आला, तेव्हां महाविद्यालयांचे किंवा संस्थांचे परस्परांत सामने व्हावेत हें आपणांस समजतें, परंतु धर्मावरून संघ कां असावेत हें समजत नाहीं, अशा आशयाचें मत त्यांनीं दिलें. विरोध वाढत गेला, आणि सन १९४६ मध्यें हे सामने बंद झाले.

या सामन्यांच्या शेवटच्या काळांतील एक प्रसंग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. विजय सॅम्युएल हजारे हा सांगलीच्या एका ख्रिस्ती शाळामास्तरांचा मुलगा, ‘बाकीचे’ या संघाकडून खेळे. हिंदु संघाचा आधार विजय मर्चंट होता. सन १९४३ च्या हंगामांत हजाऱ्यानें मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धांवा केल्या. अंतिम सामन्यांत मर्चंटनें नाबाद २५० करून त्या मागें टाकल्या. हिंदु संघानें ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘बाकीचे’ पहिल्या डावांत १३३ वर आटोपले. दुसऱ्या डावांत त्यांच्या सर्व मिळून ३८७ धांवा झाल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजाऱ्याच्या होत्या. धाकटा भाऊ विवेक यानें त्याला साथ दिली. दोघांच्या भागींत ३०० धांवा झाल्या, त्यांत विवेकच्या होत्या २१. संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला. तरी ज्याची आठवण राहावी असा पराभव फारच थोड्यांच्या वांट्याला येतो.

आतां आठ वर्षें पुढें या. सन १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. हिंदुस्थानचा नायक हजारे होता, आणि त्याच्याबरोबर खेळण्यास उभा होता मर्चंट. मर्चंटनें १५४ केल्या, हजाऱ्यानें नाबाद १६४. दोघांच्या भागींत २११ धांवा झाल्या. पुढें फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रास येथें हजाऱ्याच्याच नायकत्वाखालीं हिंदुस्थाननें आपला पहिला कसोटी विजय मिळविला. हे तेच दोन फलंदाज. यांच्या स्वभावांत किंवा धर्मांत कांहीं बदल झाला नव्हता. बदलली होती ती केवळ रेघ. आणि ‘बाकीचा’ म्हणून ज्याची गणना झाली होती, तो सर्वांचा ‘आपला’ झाला.

शुभवर्तमानांतील शोमरोन्याचा दृष्टांत आपणांस बालपणापासून परिचित आहे. माझा शेजारी कोण, हा जो प्रश्न त्या शास्त्र्यानें विचारला, तो वस्तुतः रेघ कोठें ओढावी याचाच प्रश्न होता. इंग्लंडांत मार्क लेव्हिन व त्याचे सहकारी यांनीं सन २००५ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच दृष्टांताची आठवण करून देतो. त्यांनीं मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाचे विद्यार्थी-चाहते निवडले. त्यांस प्रथम आपल्या संघावरील प्रेमाविषयीं लिहावयास लाविलें व मग दुसऱ्या इमारतीकडे धाडलें. वाटेंत एक तरुण धांवतां धांवतां पडे व पाय धरून कण्हे. त्याच्या अंगांत मँचेस्टरचा सदरा असला, तर १३ पैकीं १२ जण मदतीस थांबले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असला, तर १० पैकीं ३. आणि साधा असला, तर १२ पैकीं ४. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा सदरा व साधा सदरा यांत फारसें अंतर पडलें नाहीं. पुढच्या खेपेस एकच फरक केला. आपल्या संघाऐवजीं एकंदर फुटबॉलच्या आवडीविषयीं लिहावयास सांगितलें. आतां मँचेस्टरच्या सदऱ्यास १० पैकीं ८ थांबले आणि लिव्हरपूलच्या सदऱ्यासहि १० पैकीं ७! साध्या सदऱ्यास मात्र ९ पैकीं २ च थांबले. संख्या लहान आहेत, त्यांवर फार मोठा इमला उभारूं नये. तरी दोन धडे उघड आहेत. रेघ रुंद केली कीं कालचा वैरी शेजारी होतो. आणि रेघ कितीहि रुंद केली, तरी तिच्याबाहेर कोणीतरी पडून राहतोच. दृष्टांतांतील उपदेश या दुसऱ्या धड्यास उद्देशून आहे, असें मला वाटतें.

येथें या सिद्धांताची मर्यादाहि सांगितली पाहिजे, नाहीं तर त्यावर नसता भार पडेल. आपल्यांस अधिक देणें आणि परक्यांस इजा करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनींतील संशोधकांनीं सन १९९२ मध्यें असेच पोकळ गट पाडून, गुणांच्या जागीं कानास त्रासदायक होणारा आवाज वांटावयास दिला. तेव्हां आपल्यांचा कैवार सामान्यतः दिसेनासा झाला. म्हणजे नुसत्या रेघेनें मनुष्य हात उगारीत नाहीं. त्यासाठीं आणखी कांहीं लागतें : आपला मान धोक्यांत आहे अशी भीति, पूर्वींचें शल्य, किंवा रागास वाट करून देणारी चिथावणी. कोल्हापूरकडील त्या दुर्दैवी घटनेंत केवळ संघाचें नांव कारण झालें, असें म्हणणें म्हणूनच अपुरें होईल. नांवानें बाजू ठरली. हात उगारला गेला तो डिवचलेल्या अभिमानानें. परंतु बाजूच ठरली नसती, तर त्या थट्टेंत डिवचण्यासारखें काय होतें?

एक आक्षेप प्रामाणिक आहे, व त्याला उत्तर दिलें पाहिजे. जातीचे व धर्माचे संघ नसते, तर दुबळ्या समाजांतील गुणी खेळाडूंस कोणी विचारलें असतें? हजाऱ्यास ‘बाकीचे’ या संघानें रंगभूमि दिली हें खरें आहे. पण पालवणकर बंधूंकडे पाहा. बाळू पालवणकर हा चांभार समाजांत जन्मलेला, आपल्या काळचा अव्वल दर्जाचा गोलंदाज. पुण्यास तो हिंदूंच्या संघासाठीं बळी घेई, आणि चहा मात्र त्याला मंडपाबाहेर वेगळ्या पेल्यांतून मिळे. हिंदु संघाचें नायकत्व त्याला रीतसर कधींच मिळालें नाहीं; तें १९२३ मध्यें त्याच्या धाकट्या भावास, विठ्ठलास मिळालें, आणि त्या वर्षीं संघ विजयीहि झाला. बाहेरच्या रेघेच्या आंत जुनी रेघ तशीच होती. ती पुसली जाण्यास मैदानावरील गुण कारणीभूत झाले, धर्माचें नांव नव्हे. तेव्हां गुणी मुलास रंगभूमि द्यावी हें योग्य. परंतु तींत शिरण्याच्या दारावर त्याची जात लिहून ठेवण्याची गरज नाहीं.

माझें मत थोडक्यांत असें. पक्ष पाडूं नका, असा उपदेश करणें व्यर्थ आहे. ठिपके मोजण्यावरून जेथें पक्ष पडतात, तेथें उपदेशानें ते थांबणार नाहींत. आणि पक्षावांचून खेळहि होणार नाहीं. आपल्या हातीं आहे ती एकच गोष्ट : रेघ कोठून जावी हें ठरविणें. गांवांतील सामन्यांचे संघ पाड्यावरून, जातीवरून किंवा प्रार्थनास्थळावरून पडूं लागले, म्हणजे खेळाची रेघ इतर सर्व रेघांवर येऊन बसते, आणि एका पंचाच्या चुकीच्या निर्णयावरून दोन वस्त्यांचा अबोला सुरू होतो. त्याच मुलांचे संघ चिठ्ठ्या टाकून पाडले, तरी जयघोष तितकाच होतो. पण घरीं परततांना त्याच होडींत प्रतिपक्षाचा भाऊ बसलेला असतो, आणि पराभव दुसऱ्या दिवसापर्यंतहि टिकत नाहीं.

म्हणून शाळेच्या चार रंगांच्या याद्या करतांना शिक्षकांनीं एवढें पाहावें कीं, कोणत्याहि एका रंगांत एका पाड्याचीं, एका जातीचीं, एका धर्माचीं किंवा एका भाषेचीं मुलें एकत्र गोळा होऊं नयेत. आणि सख्खीं भावंडें शक्य तों वेगळ्या रंगांत पडावींत. दर वर्षीं याद्या नव्यानें कराव्यात. म्हणजे यंदाचा ‘परका’ पुढच्या वर्षीं ‘आपला’ होण्याचा संभव राहील. कोळ्याचा मुलगा आणि बोईसरच्या कारखान्यांतील कामगाराचा मुलगा एका रंगाखालीं धांवूं द्यावेत. गुणफलकाशीं दोन्ही बाजूंचा एकेक विद्यार्थी बसवावा. कारण एकट्या बाजूच्या डोळ्यांस स्वतःची चूक दिसत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनीं आपल्या मनाची एक साधी परीक्षा घ्यावी. समोरच्या संघाचा गडी पडून त्याला लागलें, तर मनांत प्रथम काय येतें, हें स्वतःशींच नीट पाहावें. धांवून जावेंसें वाटलें, तर रेघ खेळापुरती आहे. थोडासा आनंद झाला, तर ती खेळाच्या बाहेर गेली आहे असें समजावें. आणि तो गडी उठण्यापूर्वींच आपण ती ओलांडून त्याच्याजवळ जावें.